शून्य फरकाला किती गुण?

मार्चचा शेवटचा आठवडा. तालुक्याच्या गावातली एका सहकारी बँकेची शाखा. रोकड मिळाली, तिजोरी बंद झाली, शिपाई शटर अर्धं ओढून चहा आणायला गेला. टेबलावर कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनाचे दोन फॉर्म आहेत, दोन खिडक्यांवरच्या दोन कॅशियरचे. रकाने चार: अचूकता, ग्राहकांशी वागणूक, रांगेचं नियोजन आणि रोकडीची शिस्त. प्रत्येकाला पंचवीस गुण. शाखाधिकारी मॅडम वर्षभरापूर्वी इथं बदलून आल्या. हेड कॅशियर अण्णा याच शाखेत म्हातारे होत आले. तिजोरीची एक किल्ली मॅडमकडे असते, दुसरी अण्णांकडे, त्यामुळे रोज संध्याकाळी दोघांना एकमेकांसाठी थांबावंच लागतं.

मॅडम : अण्णा, मी आकडे भरून टाकलेत, तुम्ही फक्त नजर टाका. पहिल्या खिडकीवरचा मुलगा: वर्षात एकदाही रोकड शॉर्ट नाही, एकदाही जादा नाही. दिवसाला सरासरी एकशे दहा व्हाउचर. दुसऱ्या खिडकीवरच्या ताई: सहा वेळा फरक, दिवसाला पंच्याहत्तर व्हाउचर, वर तक्रारवहीत एक तक्रार. त्याला अचूकतेत पंचवीसपैकी पंचवीस दिलेत, ताईंना चौदा.

अण्णा : उलटं झालंय, मॅडम.

मॅडम : उलटं कसं? शून्य म्हणजे शून्य. मी कुणाच्या तोंडाकडे बघून गुण दिलेले नाहीत.

अण्णा : तेच तर. तोंडाकडे नाही, पण निदान गल्ल्याकडे बघायला हवं होतं. दिवसाला शंभरावर व्यवहार, हाताखालून हजारो नोटा, आणि वर्षात एकदाही फरक नाही? मी आयुष्यभर हेच काम केलं. माझं एकही वर्ष असं गेलं नाही.

मॅडम : तुमचं गेलं नाही म्हणून कुणाचंच जाणार नाही असं नाही. मशीन आहेत आता. तुमच्या वेळी हातानं मोजत होतात.

अण्णा : मशीन नोटा मोजतं. आकडा कॉम्प्युटरमध्ये बोटांनीच टाकावा लागतो. ताईंचा ऑगस्टमधला फरक आठवतो? संध्याकाळी नऊशे रुपये कमी आले होते.

मॅडम : आठवतो ना. त्या दिवशी आपल्या सगळ्यांना उशीर झाला.

अण्णा : किती उशीर? वीस मिनिटं. ती वीस मिनिटं त्यांनी काय केलं ते सांगतो. आधी गल्ला पुन्हा मोजला. पाकिटं सोडवून, सुटं वेगळं करून. तरी नऊशे कमी. मग त्यांनी नऊशेला नऊनं भागलं.

मॅडम : नऊनं कशाला?

अण्णा : शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की होणाऱ्या फरकाला नेहमी नऊनं भाग जातो. पंचेचाळीसचे चोपन्न झाले, फरक नऊ. बासष्टचे सव्वीस झाले, फरक छत्तीस. आता भागाकार आला शंभर. म्हणजे हजाराच्या आणि शेकड्याच्या घरात अदलाबदल झालेली असणार, आणि त्या दोन आकड्यांत एकाचाच फरक असणार. मग सगळ्या स्लिपा चाळायची गरज उरत नाही. भरण्याच्या स्लिपांत चार-पाच, पाच-सहा असे आकडे असलेल्या तेवढ्याच काढल्या. सातव्या की आठव्या स्लिपला सापडलं. दूध डेअरीवाल्यानं साडेचार हजार भरले होते. स्लिपवर पाचशेच्या नऊ नोटा लिहिलेल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये पडले होते पाच हजार चारशे.

मॅडम : बरोबर. ती नोंद उलटवायला माझी मंजुरी घेतली होती त्यांनी.

अण्णा : घेतली ना. म्हणून त्याच दिवशी रोकडही मिळाली आणि डेअरीवाल्याचं खातंही दुरुस्त झालं. आता हाच फरक पहिल्या खिडकीवर आला असता तर काय झालं असतं?

मॅडम : तुम्हीच सांगा.

अण्णा : पोरानं खिशातून नऊशे काढून गल्ल्यात टाकले असते. रोकड मिळाली. सगळे वेळेत घरी. तुमच्या फॉर्मवर शून्य. पण डेअरीवाल्याच्या खात्यात न भरलेले नऊशे रुपये तसेच पडून राहिले असते. गल्ला खरा झाला आणि खातं खोटं राहिलं.

मॅडम : आणि उलटा फरक असता तर? चोपन्नशे घेऊन पंचेचाळीसशे टाकले असते तर?

अण्णा : तर नऊशे जादा आले असते. नियम काय सांगतो? जादा रक्कम त्याच दिवशी बँकेच्या संड्री खात्यात जमा करायची आणि रजिस्टरला नोंद करायची. ग्राहक उद्या पासबुक घेऊन आला की तिथून त्याला परत देता येते. पण ज्याला शून्य जपायचंय तो काय करतो? नऊशे बाजूला ठेवतो. चोरी म्हणून नाही. पुढं कधी कमी पडले तर उपयोगी पडतील म्हणून. तिकडं ग्राहक भांडतोय की मी चोपन्नशे भरले, आणि रजिस्टर म्हणतंय त्या दिवशी एक रुपयाही जादा नव्हता. मग त्याला खोटं ठरवायचं की सीसीटीव्ही काढत बसायचं?

मॅडम : हे सगळं "असता तर" आहे, अण्णा. त्या मुलावर असा आरोप करायला तुमच्याकडे काय आहे? मला लेखी फॉर्म भरायचाय. गावगप्पा त्यात लिहिता येत नाहीत.

अण्णा : फेब्रुवारीतलं सरप्राइज चेकिंग. तुम्हीच केलंत, दुपारी बाराला. त्याच्या गल्ल्यात सातशे रुपये जास्त निघाले. तो म्हणाला, माझे स्वतःचे आहेत. सकाळी खासगी रोकडीच्या रजिस्टरला त्यानं किती लिहिले होते? दोनशे. तुम्ही समज दिलीत आणि विषय संपवलात.

मॅडम : (रजिस्टर ओढून पाहतात.) खरंय. दोनशेच आहेत.

अण्णा : स्वतःचे पैसे खिशात असले तर सकाळी लिहायचे. लिहिलेल्यापेक्षा जास्त बाळगायचे नाहीत आणि गल्ल्यात तर मुळीच ठेवायचे नाहीत. हा नियम चोर पकडण्यापुरता नाही. बँकेचा पैसा आणि आपला पैसा एकदा मिसळला की फरक कळायचा रस्ताच बंद होतो. पोरगा चोर नाही, मी लिहून देतो. तो घाबरतो. मागच्या साहेबांनी दोन फरकांवर त्याची वेतनवाढ अडकवली होती. तेव्हापासून त्याच्याकडे फरक येणंच बंद झालं.

मॅडम : म्हणजे आपल्याच फॉर्मनं त्याला हे शिकवलं.

अण्णा : शॉर्ट दिसला की गुण कापायचे म्हटल्यावर माणूस शॉर्ट दाखवणारच नाही.

मॅडम : मान्य. पण तुमचं म्हणणं दुसऱ्या टोकाला नेऊ नका. उद्या मी जाहीर केलं की फरक दाखवला तर गुण मिळतील, तर चुका करणाऱ्यांचीच चंगळ. ताईंचे सहा म्हणजे सहाच आहेत. त्यांचं कौतुक करायचं का?

अण्णा : सहांची वर्गवारी करा. तीनदा आकडे टाकताना चूक. एकदा पैसे काढण्याचं व्हाउचर भरणा म्हणून पडलं. तिथं चार हजारांच्या व्हाउचरला आठ हजारांचा फरक येतो, बरोबर दुप्पट. ताईंनी फरक अर्धा केला आणि तेवढ्या रकमेचं व्हाउचर शोधून काढलं. एकदा पाचशे जादा आले, संड्रीला टाकले, चौथ्या दिवशी कापड दुकानदार आला आणि घेऊन गेला. आणि एकदा पाचशे कमी आले ते सापडलेच नाहीत. ताईंनी भरले, पण नोंद करून भरले.

मॅडम : म्हणजे चार त्याच दिवशी शोधले, एक संड्रीच्या नोंदीमुळे मार्गी लागला, एक सापडलाच नाही. आणि एकही मला किंवा ऑडिटरला शोधावा लागला नाही.

अण्णा : हेच तुमच्या रकान्यात यायला हवं. किती झाले, स्वतः किती शोधले, आणि दुसऱ्याला किती शोधावे लागले. यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

मॅडम : पहिला आकडाही राहील. आकडे उलटण्याची चूक एका वर्षात तीनदा होते तेव्हा ताईंनी रक्कम टाकल्यावर स्लिपशी पुन्हा ताडून पाहायला हवी. स्लिपवरच्या नोटांचा तपशील ताई संध्याकाळी वापरतात, तोच खिडकीवर वापरला तर चूक तिथंच कळेल. हे मी त्यांच्या फॉर्ममध्ये लिहिणार. ठीक?

अण्णा : ठीक. एवढं मी त्यांना केव्हाच सांगायला हवं होतं.

मॅडम : आता तक्रार. डिसेंबरमध्ये एका शेतकऱ्यानं लिहिलंय, "दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी चारचौघांत अपमान केला." वागणुकीत मी त्यांना बारा दिलेत.

अण्णा : ती बनावट नोटेची भानगड. त्यानं दहा हजार भरायला आणले, पाचशेच्या वीस नोटा. मशीननं एक बाहेर टाकली. ताईंनी हातात घेऊन, उजेडात धरून तपासली. बनावट होती. ती परत देता येत नाही. त्याच्यासमोर शिक्का मारायचा, नोट जप्त करायची, पावती द्यायची, आणि खात्यात साडेनऊ हजारच जमा करायचे. ताईंनी अगदी तसंच केलं. त्यानं पावतीवर सही करायला नकार दिला तरी पावती दिली. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. यात वागणुकीचे गुण कसे काय कापता?

मॅडम : नोट ठेवली म्हणून नाही कापले.

अण्णा : पहिल्या खिडकीवर असं झालं की पोरगा काय म्हणतो ठाऊक आहे? "काका, ही जरा चालायची नाही, दुसरी द्या." काका खूश. नोट परत खिशात, तिथून बाजारात, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात. तक्रार नाही, म्हणून वागणुकीत बावीस गुण. ग्राहकाशी गोड आणि नियमाला फाटा.

मॅडम : हे तुम्ही स्वतः पाहिलंत?

अण्णा : जानेवारीत, मागं उभा राहून. त्याला तिथंच थांबवलं आणि नोट ठेवून घ्यायला लावली.

मॅडम : मग हे रोकडीच्या शिस्तीत जाईल, तारखेसह. तुम्ही तेव्हाच मला लिहून द्यायला हवं होतं. पण ताईंबद्दलचं माझं म्हणणं अजून ऐका. त्या दिवशी मी केबिनमध्ये होते आणि मला इथपर्यंत ऐकू आलं, "ही बनावट नोट कुठून आणलीत?" मागं रांगेत पंधरा माणसं. कापूस विकून आलेला माणूस. व्यापाऱ्यानं दिली ती त्यानं आणली. त्याला वाटलं आता पोलीस येणार. ओरडला नसता तर नवल.

अण्णा : मग काय म्हणायचं होतं?

मॅडम : आवाज खाली ठेवून, "यातली एक नोट मशीन घेत नाही, जरा आत साहेबांकडे येता का?" आत बसवायचं. मग सांगायचं की ही नोट बनावट आहे, परत देता येत नाही, नाहीतर उद्या दुसरा कुणी फसेल. ही तुमची पावती. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तरच लगेच फिर्याद द्यावी लागते. तुमची एकच आहे. एवढं ऐकलं की त्याची निम्मी भीती जाते. पाचशे बुडालेच, पण अब्रू तरी राहिली. नियम ताईंनी पाळला, तो कसा सांगायचा हे त्यांना जमलं नाही. दोन्ही वेगळे रकाने आहेत आणि मी ते वेगळेच ठेवणार.

अण्णा : (थोडं थांबून) यात तुमचं बरोबर आहे. पण बारा फार कमी. तक्रार आली म्हणून माणूस उद्धट ठरत नाही. "नाही" म्हणावं लागणाऱ्या कॅशियरचीच तक्रार येते.

मॅडम : म्हणून मी तक्रारी मोजणार नाही, वाचणार. तक्रार "नाही" म्हटल्याबद्दल आहे की "नाही" कसं म्हटलं याबद्दल, एवढं पाहायचं. सोळा देते.

अण्णा : आता रांग. एकशे दहा विरुद्ध पंच्याहत्तर.

मॅडम : इथं तरी मला अडवू नका. ताईंच्या खिडकीसमोर रांग लांब असते, हे रोज डोळ्यांनी दिसतं.

अण्णा : लांब असते, कारण पेट्रोल पंप, किराणा दुकानदार, पतसंस्थेचा भरणा सगळे तिकडं जातात. दहा-वीसच्या नोटांची पाकिटं, नाण्यांच्या पिशव्या. पोराकडे पाच हजार काढणारे. एक व्हाउचर म्हणजे पाचशेच्या दहा नोटा. ताईंचं एक व्हाउचर म्हणजे कधी बाराशे नोटा. व्हाउचर मोजाल तर भरण्याची खिडकी नेहमीच आळशी दिसणार.

मॅडम : मग नोटा मोजायच्या?

अण्णा : दोन्ही बघा. नाहीतर सहा महिने खिडक्यांची अदलाबदल करा आणि मग बोला.

मॅडम : अदलाबदल करते, तशीही ती व्हायलाच हवी. पण मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं. रांग किती लांब आहे हे कॅशियरच्या हातात नाहीच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन, त्यातच सोमवारचा बाजार. पंपवाल्याला दुपारी दोननंतर या असं सांगणं माझं काम आहे. ते मी केलं नाही आणि गुण ताईंचे कापले, हे चूक. मात्र तीन गोष्टी कॅशियरच्याच हातात असतात. एक, स्लिपवर सही नाही किंवा खातेक्रमांक चुकलाय हे माणूस खिडकीशी पोचल्यावर सांगायचं की रांगेवरून नजर फिरवून आधीच सांगायचं. दोन, उठायचं असेल तर रांगेला सांगून उठायचं की "काउंटर बंद" पाटी आपटायची. तीन, सत्तरीच्या पुढच्या माणसाला पुढं बोलवायचं की नाही. सत्तरीवरच्या आणि अपंग ग्राहकांना प्राधान्य द्या, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय.

अण्णा : पहिल्या दोन्हीत पोरगा चांगला आहे. मी खोटं बोलणार नाही. रांगेतल्यांना तो नावानं हाक मारतो, "आजी, अंगठा लावायचाय ना, आधी तिकडं साहेबांसमोर लावून या." निम्मा वेळ वाचतो.

मॅडम : आणि ताई?

अण्णा : ताईंची मान वर होत नाही. मोजत असताना कुणी बोललं तर चिडतात.

मॅडम : दोन तास उभ्या असलेल्या बाईला तुमच्या नऊच्या भागाकाराशी काही देणंघेणं नसतं, अण्णा. रांगेत मुलगा वीस, ताई पंधरा.

अण्णा : मोजताना मान वर नको, हे मात्र मी सोडणार नाही. नोटा हातात असताना बोलणारा कॅशियर पन्नास नोटांच्या पुढं मोजणी विसरतो, आणि मग मशीन दाखवेल ते खरं मानतो. एका ग्राहकाच्या नोटा मोजून, स्लिपशी जुळवून, गल्ल्यात टाकेपर्यंत दुसऱ्याच्या नोटांना हात लावायचा नाही. पोरगा रांग हलवायच्या घाईत दोघांचे ढीग शेजारी ठेवतो. एक दिवस मिसळतील.

मॅडम : ते शिस्तीत लिहू. एक व्यवहार संपल्यावर आणि दुसरा सुरू व्हायच्या आधी, त्या दहा सेकंदांत मान वर करा, एवढंच ताईंना सांगू. चालेल?

अण्णा : तेवढं चालेल.

मॅडम : शिस्तीत राहिलं काय? उठताना गल्ल्याला कुलूप आणि कॉम्प्युटर बंद?

अण्णा : ताई पाणी प्यायला उठल्या तरी किल्ली कमरेला. पोराचा गल्ला दोनदा उघडा सापडला. हातातल्या रोकडीची मर्यादा ओलांडली की ताई मला हाक मारून पाकिटं तिजोरीकडे देतात. पोराला मी आठवण करतो. पाकिटाच्या पट्टीवर सही दोघंही करतात.

मॅडम : ताईंना तेवीस. मुलाला अकरा, आणि प्रत्येक कारण तारखेसह. ते लिहिण्याआधी उद्या त्याला बोलावून सांगणार. आपण फेब्रुवारीत पाहिलेलं त्याला थेट फॉर्मवर वाचायला मिळणं बरोबर नाही. आणि एप्रिलपासून दोन्ही खिडक्यांची एक वही माझ्याकडे राहील. महिन्याला दोन-चार ओळी, चांगलं आणि वाईट दोन्ही, त्याच आठवड्यात त्यांना सांगितलेलं. मार्चमध्ये बसून वर्ष आठवायचं म्हणजे शेवटचा महिना तेवढा आठवतो.

अण्णा : अचूकतेचं काय करता? तिथं अजून पंचवीस आणि चौदा तसेच आहेत.

मॅडम : ताईंना वीस. पुढं लिहिते, "फरक सहा. सर्व त्याच दिवशी नोंदवले. चार त्याच दिवशी शोधले. रक्कम टाकताना पुन्हा ताडून पाहण्याची गरज."

अण्णा : आणि पोराला? शून्य काढून टाकणार?

मॅडम : खिशातून भरल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. सातशे रुपये हा संशय आहे, हिशेब नाही. त्यामुळे गुण फार कापता येणार नाहीत, सतराच्या खाली मी जाणार नाही.

अण्णा : माझ्या हिशेबानं जास्त आहेत.

मॅडम : असू देत. पण "फरक नाही" असं मी लिहिणार नाही. "फरकाची नोंद नाही" असं लिहिते. आणि उद्या त्याला सांगते की पहिला फरक त्यानं स्वतः माझ्या टेबलावर आणला तर त्या एका फरकासाठी एकही गुण जाणार नाही. मुख्य कार्यालयाला तसं पत्रही टाकते. प्रत्येक शॉर्टला दोन गुण वजा हा त्यांचा तक्ता आहे तोवर, आपण दोघं इथं काहीही ठरवलं तरी दुसऱ्या शाखांत सगळे शून्यच दाखवणार.

अण्णा : पत्र पाठवा. पण तक्ता बदलेपर्यंत त्याच्या खिडकीवर महिन्यातून दोनदा सरप्राइज चेकिंग ठेवा, वेगवेगळ्या वेळी. आणि ताईंच्याही. नाहीतर पोरगा म्हणेल, माझ्यावरच डोळा.